सायकल कोळपं, एक फेरी आणि ३६० फ्रेम

लातूरजवळच्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपसाठी मी सायकल कोळप्याचा, म्हणजे सायकलचं चाक लावून हाताने ढकलायच्या कोळप्याचा, फिरता व्हिडिओ केला. सोयाबीनच्या पेरण्या आटोपल्या की कोळपणीला गर्दी उसळते, त्याआधी हा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर आणि कृषी प्रदर्शनातल्या स्टॉलच्या टीव्हीवर लागायला हवा होता. वर्कशॉपचे मालक, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांची मागणी दोन वाक्यांची होती. "चारी बाजूनं फिरताना दिसू द्या. आन् पास जवळून दिसली पाहिजे, शेतकरी पहिलं पासच बघतो." पास म्हणजे जमिनीत चालून तण कापणारं पातं.

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये वस्तू फिरवून दाखवायची म्हटलं की बहुतेक जण बाटली किंवा घड्याळ घेऊन शिकतात. बाटली कुठूनही पाहा, रुंदी तेवढीच. कोळप्याचं तसं नाही. पुढे सायकलचं चाक, मागे दोन मुठी, मधे पाइप आणि खाली पास. टेपने मापं घेतली तेव्हा लांबी १५० सेंटीमीटर, उंची १०० च्या आसपास आणि मुठींची रुंदी जेमतेम ५० निघाली. म्हणजे बाजूने पाहिलं तर ते फ्रेम भरून टाकतं आणि समोरून पाहिलं तर उभ्या काठीसारखं दिसतं. या एका गोष्टीमुळे पुढचे बरेच निर्णय आपोआप ठरले. व्हॉट्सअ‍ॅप स्टेटससाठी उभा व्हिडिओ करायचा विचार तिथेच सोडला, कारण उभ्या चौकटीत दीड मीटरचं यंत्र आडवं बसवायचं तर वरखाली अर्ध्याहून जास्त जागा मोकळी राहते. चौरस १०८० बाय १०८० धरला.

मग प्रश्न आला, फेरीचा मध्य कुठे? डोळ्यांना कोळप्याचा मध्य चाकाच्या आसाशी वाटतो, कारण तिथेच सगळा भार दिसतो. पण चाक ५० सेंटीमीटरचं, म्हणजे आस पुढच्या टोकापासून २५ सेंटीमीटरवर. तिथे मध्य धरला तर मुठी १२५ सेंटीमीटरच्या त्रिज्येने फिरतात आणि कॅमेऱ्याला अडीच मीटर रुंद जागा पकडावी लागते. लांबीच्या बरोबर मधोमध मध्य घेतला तर त्रिज्या ७५ सेंटीमीटर, जागा दीड मीटर. तेच यंत्र पडद्यावर कितीतरी मोठं दिसतं. म्हणून लांबीच्या मध्यावर, जमिनीपासून ५० सेंटीमीटर उंचीवर एक `Empty` ठेवला. खळ्यात मधोमध तिवडा रोवतात आणि बैल त्याभोवती फिरतात, तसा हा `Empty`. तो स्वतः रेंडरमध्ये दिसत नाही, बाकी सगळं त्याला बांधायचं.

इथे एक वाद नेहमी होतो, वस्तू फिरवायची की कॅमेरा. पार्श्वभूमी साधी असेल आणि दिवे कॅमेऱ्यासोबतच फिरत असतील तर दिसायला दोन्ही सारखंच. मी कॅमेरा फिरवतो, त्यामागचं कारण व्यवहाराचं आहे. अण्णांचं कोळपं वेगळ्या फाइलमध्ये बनवून इथे आणलेलं होतं. त्याचं चाक, पास, नट-बोल्ट सगळे वेगळे भाग, आणि मॉडेल बदललं की पूर्ण यंत्रच बदलून टाकायचं. यंत्राला हातच लावायचा नसेल तर फिरण्याची सगळी जोडणी कॅमेऱ्याकडे असलेली बरी.

कॅमेऱ्याची लेन्स ८५ मिलिमीटर ठेवली. ब्लेंडरचा नेहमीचा ५० मिलिमीटरचा कॅमेरा इथे दगा देतो, आणि का ते मापांतूनच कळतं. मला फ्रेममध्ये १८० सेंटीमीटर रुंदी हवी होती, म्हणजे दीड मीटरच्या यंत्राला दोन्ही बाजूंना थोडी हवा. ब्लेंडरच्या कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मिलिमीटरचा असतो, त्यामुळे अंतर काढायला १.८ गुणिले ८५ भागिले ३६ एवढंच करायचं. उत्तर ४.२५ मीटर. ५० च्या लेन्सला तेच अंतर अडीच मीटर येतं. आता मुठी कॅमेऱ्याच्या अगदी समोर येतात तो क्षण घ्या. ५० च्या लेन्सला मुठी १.७५ मीटरवर आणि चाक ३.२५ मीटरवर, म्हणजे मुठी जवळजवळ दुपटीने फुगलेल्या दिसणार. ८५ ला हीच अंतरं साडेतीन आणि पाच मीटर होतात आणि फुगवटा सोसण्याइतका राहतो. शेतकऱ्याला मुठी राक्षसी वाटल्या तर तो पुढे पासकडे बघणारच नाही.

कॅमेरा ४.२५ मीटरवर ठेवून आधी कॅमेरा आणि मग `Empty` निवडला, Ctrl+P दाबून `Object` घेतलं. आता `Empty` फिरवला की कॅमेरा त्याच्याभोवती फिरतो. कॅमेऱ्याला `Track To` लावून त्याचं लक्ष्यही तोच `Empty` दिला. दिशा `-Z` आणि वरची बाजू `Y`.

कॅमेऱ्यासाठी गोल वक्ररेषा काढून तिच्यावर `Follow Path` लावायची पद्धतही आहे, आणि रस्ता वेडावाकडा असेल तर तीच योग्य. पण इथे मला फेरी आणि उंची वेगवेगळी हाताळायची होती. अण्णांची पास जवळून दिसण्याची अट पुरी करायची तर फेरी चालू असतानाच कॅमेरा हळूहळू खाली उतरायला हवा आणि परत वर यायला हवा. असा रस्ता हाताने रेखाटला तर मध्यापासूनचं अंतर कुठे ना कुठे कमी-जास्त होतं, आणि मग पडद्यावर कोळपं श्वास घेतल्यासारखं लहान-मोठं होत राहतं. एकदा ते लक्षात आलं की दुसरं काही दिसत नाही. `Empty`च्या जोडणीत ही भानगड नाही. फिरणं `Empty`कडे, उंची कॅमेऱ्याकडे.

की-फ्रेम, म्हणजे ठरावीक फ्रेमवर जागा किंवा कोन पक्का करणाऱ्या खुणा, लावण्याआधी मी फ्रेम रेट ठरवला, आणि हा क्रम मोडू नये. ब्लेंडर सुरुवातीला २४ देतं. नंतर तो बदलला तर की-फ्रेम जागच्या जागीच राहतात, फक्त एकूण वेळ बदलतो. ३६० फ्रेमची फेरी ३० ने १२ सेकंदांत होते आणि २४ ने १५ सेकंदांत, म्हणजे सगळी चाल बिघडते.

मी ३० घेतला तो पडद्यांमुळे. बरेच फोन आणि टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र ताजं करतात. ३० ची प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा दाखवली जाते. २४ ची एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा, अशी लंगडत चालते. माणसं बोलत असलेल्या व्हिडिओत हे कुणाला जाणवत नाही. पण एकाच वेगाने संथ फिरणाऱ्या वस्तूत पाइपची सरळ कड बारीक हिसके देत जाते. रेंडर कितीही चांगलं असलं तरी ते हिसके जात नाहीत, कारण ते चित्रात नसून वेळेत असतात.

१२ सेकंद आणि ३० फ्रेम म्हणजे ३६० फ्रेम, दर फ्रेमला एक अंश. हिशेब सोपा पडतो हे खरं, पण वेग तपासला तो वेगळ्या मापाने. मुठी कॅमेऱ्याजवळून जाताना एका फ्रेममध्ये साधारण साडेनऊ पिक्सेल सरकतात. फेरी सहा सेकंदांत उरकली तर १९. तेव्हा मुठी सरकत नाहीत, उड्या मारतात. अण्णांना आधी "जरा चपळ" हवं होतं. दोन्ही दाखवल्यावर त्यांनी स्वतःच १२ सेकंदांचा निवडला, कारण सहामध्ये पास नीट दिसायच्या आत निघून जात होती.

आता मुख्य भाग. `Empty`च्या Z फिरकीला फ्रेम १ वर ० अंश आणि फ्रेम ३६१ वर ३६० अंश अशी की-फ्रेम दिली, आणि `End` मात्र ३६० ठेवलं. फ्रेम ३६१ म्हणजे पुन्हा फ्रेम १ चंच चित्र. ते रेंडरमध्ये घेतलं तर एकच चित्र सलग दोनदा येतं आणि दर फेरीला त्याच ठिकाणी यंत्र क्षणभर अडखळतं. ही अडखळ एका फेरीत कळत नाही, सलग तीन-चार फेऱ्या पाहिल्या की हमखास पकडता येते.

दुसरी गोष्ट वेगाची. ब्लेंडर नव्या की-फ्रेमला `Bezier` लावतं, म्हणजे फेरी हळू सुरू होते, मधे वेग घेते आणि शेवटी मंदावते. एकदाच चालणाऱ्या हालचालीला ते शोभतं. पुन्हा पुन्हा चालणाऱ्या फेरीत मात्र दर बारा सेकंदांनी यंत्र थांबून निघाल्यासारखं वाटतं. `Graph Editor` उघडून दोन्ही की-फ्रेम निवडल्या, T दाबून `Linear` केलं. मग Shift+E दाबून `Linear Extrapolation`. हे दुसरं लोक सोडून देतात. ते न केल्यास फ्रेम १ च्या आधी रेषा सपाट असते, आणि मोशन ब्लर चालू असेल तर पहिल्या फ्रेमचा ब्लर बाकीच्यांच्या निम्मा येतो. आलेखात सरळ तिरकी रेषा दोन्ही टोकांच्या पलीकडे जाताना दिसली की काम बरोबर.

उंचीचं मात्र उलट. कॅमेऱ्याच्या उंचीला फ्रेम १ वर १.२ मीटर, १८१ वर ०.३ आणि ३६१ वर परत १.२ अशा की-फ्रेम दिल्या, आणि त्यांना `Bezier`च राहू दिलं. इथे `Linear` लावलं तर कॅमेरा खाली पोचताच ठेच लागल्यासारखा उलटा फिरतो. `Bezier`मध्ये खालच्या टोकाला रेषा सपाट होते, कॅमेरा अलगद उतरतो, पासच्या समोर थोडा रेंगाळतो आणि वर निघतो. वरच्या टोकालाही रेषा सपाट असल्याने शेवट आणि सुरुवात एकमेकांत मिसळतात. फिरणं एकसारखं आणि चढ-उतार मऊ, ही जोडी जमली की रस्ता गुळगुळीत होतो. उंची बदलल्याने मध्यापासूनचं अंतरही बदलतं, पण १.२ मीटरला ते ४.३१ आणि ०.३ ला ४.२५ भरतं. एवढा फरक डोळ्याला कळत नाही.

दिवेही `Empty`ला बांधले. ते जागेवर सोडले तर अर्ध्या फेरीनंतर कॅमेरा पलीकडे पोचतो, मुख्य दिवा समोरून डोळ्यात येतो आणि यंत्र काळवंडतं. वाकवलेला पांढरा पडदा मागे होता, त्यालाही तिथेच बांधलं, नाहीतर पलीकडे गेल्यावर कॅमेऱ्याला पडद्याची पाठ दिसली असती. पडद्यावर पोत किंवा डाग नको, कारण तो यंत्राखालून सरकताना दिसतो. आकाशाचं एचडीआरआय चित्र प्रकाशासाठी वापरत असाल तर ते असं बांधता येत नाही, त्याची फिरकी वेगळी जुळवावी लागते. मी ती कटकट टाळली आणि तीन `Area` दिव्यांवर भागवलं.

चाल तपासायला पूर्ण रेंडरची गरज नसते. `View` मधून `Viewport Render Animation` काढला, करड्या रंगात, काही मिनिटांत. फक्त त्याचं आउटपुट वेगळ्या फोल्डरला वळवावं, कारण ते खऱ्या रेंडरच्याच जागी फाइल टाकतं.

चाल पसंत पडली, पण खऱ्या रेंडरमध्ये चाकाने त्रास दिला. सायकलचा स्पोक दोन मिलिमीटरचा. १८० सेंटीमीटर जागा १०८० पिक्सेलवर पसरली की एक पिक्सेल १.६७ मिलिमीटरचा होतो, म्हणजे स्पोक एका पिक्सेलपेक्षा जरासाच जाड. स्थिर चित्रात तो छान दिसतो. फिरताना मात्र कधी एका पिक्सेलवर, कधी दोघांच्या मधे पडतो आणि चाकात किडे वळवळल्यासारखी लुकलुक सुरू होते. त्यात डीनॉइजर बारीक रेषांना धूळ समजून काही फ्रेममध्ये पुसून टाकतो. सॅम्पल वाढवून फरक पडतो, पण वेळही तितकाच वाढतो. मी मॉडेलमधले स्पोक साडेतीन मिलिमीटरचे केले. लुकलुक थांबली. अण्णांनी व्हिडिओ बघताना मान वाकडी करून विचारलं, "तारा जाड कामून दिसायल्या?" कारण सांगितल्यावर म्हणाले, "ठीकाय, गिऱ्हाइकाला मजबूत वाटंल." मी मात्र पासची जाडी आणि पाइपचा व्यास यांना हात लावला नाही. विकायच्या भागाचं माप बदलणं ही वेगळीच गोष्ट होते.

मोशन ब्लर ०.५ ठेवला. मुठींच्या साडेनऊ पिक्सेलच्या सरकण्याला पाच पिक्सेलचा पुसटपणा मिळतो आणि पाइपच्या कडा टोचत नाहीत.

आउटपुट थेट व्हिडिओत काढायचं नाही, हे आमच्याकडे वीजच शिकवते. माझ्या मशीनवर एका फ्रेमला सुमारे ४० सेकंद लागत होते, म्हणजे ३६० फ्रेमला चार तास. एवढ्या वेळात एकदा तरी लाइट जाणार हे धरूनच चालायचं, आणि इन्व्हर्टर ग्राफिक्स कार्डाच्या पूर्ण भाराला किती पुरेल याची खात्री नसते. एमपीफोर फाइल लिहिताना तिची अनुक्रमणिका सहसा शेवटी लिहिली जाते. मधेच वीज गेली की साडेतीन तासांचं काम न उघडणाऱ्या फाइलमध्ये अडकतं. म्हणून पीएनजी चित्रं, ८ बिट, `RGB`. आउटपुटचा पत्ता `//render/kolpe_`, म्हणजे `kolpe_0001.png` पासून फाइल पडत जातात. `Overwrite` बंद आणि `Placeholders` चालू केलं की पुन्हा सुरू केल्यावर झालेल्या फ्रेम सोडून ब्लेंडर पुढे जातं.

यात एक खोच आहे. `Placeholders` चालू असताना ब्लेंडर फ्रेम सुरू करण्याआधीच तिच्या नावाची रिकामी फाइल ठेवतं. वीज गेली तर ती ० बाइटची फाइल तशीच राहते, आणि पुढच्या वेळी ब्लेंडर ती झालेली समजून ओलांडतं. म्हणून पुन्हा सुरू करण्याआधी फोल्डर आकाराप्रमाणे लावायचं आणि ० बाइटची फाइल उडवायची. रेंडर कमांडवरून चालवलं, कारण तेव्हा ब्लेंडरची खिडकी उघडी ठेवावी लागत नाही आणि थोडी मेमरी वाचते:

```
blender -b kolpe.blend -a
```

सगळी चित्रं आल्यावर त्यांचा व्हिडिओ एफएफएमपेगने बांधला. हे काम ब्लेंडरच्या `Video Editing` मध्येही होतं, पण मला ही एक ओळ पाठ आहे:

```
ffmpeg -framerate 30 -i kolpe_%04d.png -c:v libx264 -crf 18 -pix_fmt yuv420p -movflags +faststart kolpe.mp4
```

यातले दोन तुकडे सोडू नयेत. `-framerate 30` लिहिलं नाही तर एफएफएमपेग २५ धरतं आणि १२ सेकंदांचा व्हिडिओ १४.४ सेकंदांचा होतो. फाइलची लांबी बघितली की लगेच कळतं. `-pix_fmt yuv420p` नसेल तर पीएनजीपासून बनलेल्या व्हिडिओत रंगांची मांडणी अशी येते की संगणकावर तो चालतो आणि कित्येक फोनवर किंवा टीव्हीवर नुसता काळा पडदा दिसतो. `crf` चा आकडा जितका लहान तितकी फाइल मोठी आणि चित्र स्वच्छ. १८ ला स्पोक शाबूत राहतात, २८ ला ते पुन्हा चिखलात जातात.

व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओला स्वतःहून पुन्हा दाबतं, त्यामुळे अण्णांना फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली. ते ती पुढे कशी पाठवतात यावर माझा ताबा नाही.

स्टॉलच्या टीव्हीचा मुद्दा वेगळा निघाला. पेनड्राइव्हवरून व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावला की बरेच टीव्ही दर फेरीनंतर क्षणभर काळा पडदा दाखवतात. फ्रेम ३६१ पर्यंत जाऊन जुळवलेला जोड अशा ठिकाणी वाया जातो. म्हणून तीच फेरी २५ वेळा जोडून पाच मिनिटांची फाइल केली, म्हणजे काळा पडदा पाच मिनिटांतून एकदाच:

```
ffmpeg -stream_loop 24 -i kolpe.mp4 -c copy kolpe_tv.mp4
```

इथे २४ म्हणजे मूळ फेरीवर आणखी २४, आणि `-c copy` मुळे चित्र पुन्हा दाबलं जात नाही, काम काही सेकंदांत होतं.

प्रदर्शनाच्या आधी अण्णांनी दोन पासांचं लांब मॉडेल काढलं, १७५ सेंटीमीटरचं. जुनं कोळपं काढून त्याच मध्यावर नवं बसवलं. फ्रेमची रुंदी २.१ मीटर धरली, अंतर ४.९६ मीटर आलं, तेवढं कॅमेऱ्याला मागे सरकवलं. फिरकीच्या आणि उंचीच्या की-फ्रेमना हात लावावा लागला नाही. संध्याकाळी रेंडर लावून मी जेवायला गेलो.